शब्द जिभेवर येतो आणि तिथंच अडकतो, तेव्हा आत नेमकं काय होतं?

प्रश्न: नमस्कार सर. मी पाचोरा तालुक्यात शिक्षिका आहे, वय ५१. हल्ली बोलता बोलता शब्द जिभेवर येऊन अडकतो. परवा सुनेला आजेसासऱ्यांच्या पानाच्या डब्याबद्दल सांगत होते, त्यात सुपारी कातरायचा तो असायचा, चांगला मोठा, पितळेचा, पण नाव काही केल्या येईना. अ पासून आहे एवढं कळत होतं, आणि तोंडात सारखं सांडशी सांडशीच येत होतं. सांडशी नाही हेही माहीत होतं. मग मुलाचा फोन आला, रेल्वे फाटकावर अडकलोय, उशीर होईल म्हणे. फोन ठेवला आणि आपोआप आठवलं, अडकित्ता! सासूबाईंना शेवटी शेवटी स्मृतिभ्रंश होता म्हणून धास्ती वाटते. हे असं का होतं आणि ही त्याची सुरुवात तर नाही ना?

उत्तर:

ताई, आधी थेट सांगतो, तुम्ही जे लिहिलंय त्यात शब्द हरवल्याची एकही खूण नाही. शब्द जागेवर होता, त्याच्यापर्यंतची वाट अर्ध्यात तुटली होती. ह्या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. मी गेली बरीच वर्षं जळगावात स्पीच थेरपीचं काम करतोय, पॅरालिसिसनंतर बोलणं गेलेले पेशंट रोज समोर असतात, त्यामुळे हा फरक माझ्या कामाचा पायाच आहे. आणि तुमचा किस्सा इतका बारकाईनं लिहिलाय की त्याच्यावरच सगळं समजावता येईल, वेगळं उदाहरण घ्यायची गरज नाही.

डोक्यात शब्द कसे असतात इथून सुरू करू. शब्दकोशासारखे अ ते ज्ञ ओळीनं लावलेले तर नक्कीच नसतात, तसं असतं तर आपण एवढ्या वेगानं बोलूच शकलो नसतो. साध्या गप्पांमध्ये माणूस सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो, आणि ते हजारो शब्दांतून निवडलेले असतात. ओळखीच्या वस्तूचं चित्र दाखवलं तर ते बघण्यापासून नाव उच्चारायला सुरुवात होईपर्यंत साधारण ६०० मिलिसेकंद जातात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. ह्या एवढ्याशा वेळात दोन वेगळी कामं होतात. पहिलं काम म्हणजे अर्थावरून शब्द निवडणं. सुपारी, कातरणं, दोन पाती, पितळ, पानाचा डबा, हे सगळं जागं झालं की त्याला जोडलेला शब्द निवडला जातो. पण गंमत अशी की ह्या टप्प्याला शब्दाला अजून आवाजच नसतो. त्याला फक्त अर्थ असतो आणि व्याकरण असतं, म्हणजे तो नाम आहे की क्रियापद, त्याचं लिंग काय, वगैरे. दुसरं काम म्हणजे त्या निवडलेल्या शब्दाचा आवाज आणणं, अड-कित्-ता अशी ध्वनींची माळ, आणि मग ती जीभ-ओठांकडे पाठवणं. विलेम लेव्हेल्ट नावाच्या डच शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे सगळं टप्प्याटप्प्यानं मांडलं, आणि बारीकसारीक वाद सोडले तर अर्थ वेगळा आणि आवाज वेगळा ही मांडणी टिकून आहे.

शब्द जिभेवर अडकतो तेव्हा पहिलं काम झालेलं असतं आणि दुसरं अर्धवट राहिलेलं असतं. बस, एवढंच.

आता हे मी कशावरून म्हणतो? तुमचंच वाक्य बघा, "सुपारी कातरायचा तो असायचा, चांगला मोठा". तो, मोठा, असायचा. शब्द सापडत नव्हता पण पुल्लिंग मात्र तुम्ही बरोबर लावत होता, न अडखळता. आता तुम्ही म्हणाल त्यात काय विशेष, पण विचार करा, कापायच्या वस्तूंचं लिंग अर्थावरून ठरतच नाही. कात्री ती, सुरी ती, विळी ती, पण विळा तो आणि अडकित्ता तो. आणि तुमच्या तोंडात तर सारखं सांडशी येत होतं, जी स्त्रीलिंगी आहे. तरीपण तुम्ही "मोठी" नाही म्हणालात. म्हणजे आतून नेमका अडकित्ता हाच शब्द निवडला गेला होता, त्याचं व्याकरण हातात आलं होतं, फक्त आवाज यायचा होता. इटालियन भाषेतही आपल्यासारखं नामांना लिंग असतं, आणि तिथे विलिओक्को आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच तपासलं. शब्द जिभेवर अडकलेल्या लोकांना त्या शब्दाचं लिंग विचारलं तर बहुतेक वेळा बरोबर सांगता आलं, आणि ज्यांना तो शब्द खरंतर माहीतच नव्हता त्यांचं उत्तर नाणं उडवल्यासारखं आलं. मला स्वतःला ह्या विषयातला हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो, आणि मराठी माणसाला तो कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता घरी बसून बघता येतो. पुढच्या वेळी कुणी "अरे ते... त्याला काय म्हणतात" करत असेल तर तो-ती-ते कडे लक्ष ठेवा. (मात्र सुरुवातीचं नुसतं "ते" मोजू नका, ते आपण सवयीनं कशालाही म्हणतो, पुढची विशेषणं आणि क्रियापदं बघा.)

आवाजही पूर्ण गायब नसतो, अर्धामुर्धा येतो. तुम्हाला अ पासून आहे हे कळत होतं ना. ह्याच्यावरचा पहिला मोठा प्रयोग १९६६ चा, ब्राऊन आणि मॅकनील ह्यांचा, अमेरिकेत हार्वर्डला. त्यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या इंग्रजी शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द सांगायला लावला. काहींना पटकन आला, काहींना माहीतच नव्हता, आणि मधले काही जिभेवर अडकले. ह्या अडकलेल्यांना विचारलं की पहिलं अक्षर काय असेल, तर जवळपास ५७ टक्के वेळा बरोबर निघालं. त्यातला एक शब्द सॅम्पन, म्हणजे चीनकडची एक लहान होडी. अडकलेले विद्यार्थी काय म्हणत होते, तर सायपान, सायाम, सारॉंग, हे आवाजानं जवळचे, आणि हाउसबोट, जंक नावाची चिनी बोट, हे अर्थानं जवळचे. म्हणजे माणूस त्या शब्दाच्या भोवती दोन्ही बाजूंनी फिरत असतो, नेमका मधेच पाय पडत नाही.

मग हाच दुवा का तुटतो? अर्थाच्या बाजूला एकमेकांना आधार देणारे खूप धागे असतात. अडकित्ता म्हटलं की सुपारी, पान, चुना, कात, डबा, आजेसासरे, सगळं एकमेकांना जागं करतं, एखादा धागा कच्चा असला तरी बाकीचे सांभाळून घेतात. आवाजाच्या बाजूला तसं नसतं. निवडलेल्या शब्दापासून "अड" ह्या अवयवाकडे, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याकडे, एकच धागा जातो, त्याला शेजारीपाजारी कुणी नाही. तो कच्चा पडला की काम थांबलं. आणि तो कच्चा पडतो मुख्यतः वापर नसल्यानं, शेतातली पायवाट दोन पावसाळे कुणी गेलंच नाही तर जशी गवतात जाते तसा. डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मांडलं, त्यांनी लोकांना डायऱ्या लिहायला दिल्या होत्या, शब्द अडकला की नोंद करायची. त्यात दिसलं की वय वाढतं तसं हे वाढतं, अडकणाऱ्यांत ओळखीच्या माणसांची नावं खूप असतात, आणि वय कुठलंही असो, अडकलेले बहुतेक शब्द नंतर सापडतात. तरुणांनासुद्धा साधारण आठवड्यातून एकदा हे होतंच, फक्त त्यांना त्याची भीती वाटत नाही म्हणून ते विसरून जातात.

आता स्वतःलाच विचारा, अडकित्ता हा शब्द ह्याआधी तुम्ही तोंडानं कधी उच्चारला होता? सुपारी आता कातरलेली पुडीतच मिळते, पानाचा डबा माळ्यावर गेला. तुम्ही तो शब्द वाचला असेल, ऐकला असेल, पण बोलला नसाल. शब्द ओळखणं आणि शब्द बोलणं ह्याचे रस्ते वेगळे आहेत, म्हणून ऐकल्यावर लगेच कळतो पण बोलताना अडतो. ह्या शब्दावर अडकणं हे आजाराचं लक्षण सोडा, अपेक्षितच आहे.

ह्यात आपल्या भागाची एक गोष्ट जोडतो. आपल्याकडे घरी अहिराणी, शाळेत आणि ऑफिसात मराठी, बँकेत हिंदी, असं दिवसभर चालतं. दोन भाषा बोलणाऱ्यांचे शब्द थोडे जास्त अडकतात हे तामार गोलन ह्यांच्या संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. कारण तेच, वापर. दिवसात बोलायचे शब्द तेवढेच, ते दोन भाषांत वाटले गेले की प्रत्येक शब्दाच्या वाट्याला वापर कमी येतो. दोन्ही भाषांत जवळपास सारखेच असलेले शब्द मात्र कमी अडकतात, आणि माणसांची नावं तर दोन्हीकडे एकच असतात, त्यामुळे त्यांच्यात हा फरक दिसला नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक "त्याले काय म्हनतस" करत दुसऱ्या भाषेत शिरतात आणि तिथे शब्द सापडतो. म्हणून दोन भाषा बोलणं कमी करा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्या सवयीत काही दोष नाही.

आता सांडशी. चुकीचा शब्द असा हट्टानं परत परत येतो ह्याला इंग्रजीत संशोधकांनी सिंड्रेलाच्या गोष्टीतल्या कुरूप बहिणींचं नाव दिलंय, बरोबर शब्दाच्या वाटेत त्या उभ्या राहतात म्हणून. आधी असं मानायचे की हा चुकीचा शब्दच बरोबर शब्दाला अडवतो. मला वाटतं बहुतेक वेळा उलट असतं. बरोबर शब्दाचा आवाज येत नाही म्हणून रिकाम्या जागेत शेजारचा मजबूत शब्द घुसतो. सांडशी तुम्ही रोज वापरता, दोन दांड्यांची, धातूची, चिमटीत धरणारी, ती येणारच. पण एकदा आली की तुम्ही तिलाच "नाही नाही सांडशी नाही" म्हणत परत परत जागी करता, आणि मग ती हलत नाही. म्हणजे मूळ कारण ती नाही, पण अडथळा लांबवते ती नक्की.

आणि आता तो फोन, जो तुम्ही सहज म्हणून लिहिलाय. शब्द आपोआप आला असं तुम्हाला वाटलं. पण मुलगा काय म्हणाला होता? अडकलोय. अडक-लोय, अडकि-त्ता. कच्चा पडलेला धागा नेमका "अड" चा होता, आणि मुलाच्या बोलण्यातून तोच आवाज बाहेरून जागा झाला. हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये, ह्याच्यावर नीट प्रयोग आहेत. जेम्स आणि बर्क ह्यांनी २००० मध्ये शब्द अडकलेल्या लोकांना मध्येच इतर शब्द उच्चारायला दिले, त्यांच्यात काहींमध्ये अडकलेल्या शब्दाचे अवयव लपवलेले होते, आणि ते उच्चारल्यावर अडकलेले शब्द जास्त सुटले. मग लीझ अॅब्रम्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विचारलं की नेमका कुठला भाग लागतो. उत्तर आलं, पहिला अख्खा अवयव. नुसतं पहिलं अक्षर पुरत नाही. आता बघा, अ तर तुमच्याकडे आधीपासून होता, त्यानं काही झालं नाही, "अड" मिळाल्यावर सुटलं. पुढे २००५ मध्ये त्यांना अजून एक बारकावा सापडला, इशारा देणारा शब्द वेगळ्या जातीचा असला, म्हणजे अडकलेलं नाम असताना इशारा क्रियापदातून आला, तर मदत होते, पण तोही नामच असला तर मदत होत नाही, तो स्वतःच त्या जागेसाठी भांडतो. अडकलोय हे क्रियापद आहे. मुलगा जर म्हणाला असता की मार्केट यार्डात अडत्याकडे बसलोय, तर कदाचित सांडशीच्या जोडीला अडत्याही तोंडात येऊन बसला असता! एका प्रसंगावरून शंभर टक्के फोनमुळेच सुटलं असं कुणीच म्हणू शकत नाही, तोपर्यंत सांडशी थंडावली हाही भाग असेल. पण "आपोआप आठवलं" असं लोक म्हणतात तेव्हा मागच्या पाच मिनिटांत काय ऐकलं-वाचलं ते तपासा, बऱ्याचदा असा आवाज कुठेतरी सापडतो.

ह्यावरून काय करायचं ते निघतं. अर्थावर अजून जोर देऊन उपयोग नाही. सून विचारत असेल "कसला होता, कुठे ठेवायचे, कोण वापरायचं", तर ती प्रेमानं विचारते पण ते सगळं तुमच्याकडे आधीच आहे. आवाज शोधा. पहिलं अक्षर माहीत असेल तर त्याला पुढचं व्यंजन लावत वर्णमालेतून एकदा चालत जा, अक, अख, अग, अघ, अच, अज, अट, अठ, अड, तोंडानं, मनात नको. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार लावलेली आहे म्हणून तोंडानं चालायला सोपी जाते. पहिलं अक्षरच चुकीचं वाटत असेल तर ही युक्ती फसते, आणि ते चुकीचं असू शकतं, वरच्या ५७ टक्क्यांचा अर्थ तोच आहे. घरच्यांना शब्द माहीत असेल तर त्यांनी पूर्ण न सांगता पहिला अवयव द्यावा, "अड...", आणि थांबावं.

एक फेरी मारून नाही आला तर सोडून द्या. झगडत बसू नका, हे मी मनापासून सांगतो कारण हुशार लोक इथेच चुकतात. कॅनडात वॉरिनर आणि हम्फ्रीज ह्यांनी २००८ मध्ये शब्द अडकलेल्यांना काही वेळा १० सेकंद आणि काही वेळा ३० सेकंद झगडू दिलं, मग शब्द सांगून टाकला. दोन दिवसांनी तेच शब्द परत विचारले, तर ३० सेकंद झगडलेले शब्द परत अडकायचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे अडकून राहण्याच्या त्या वेळात मेंदू अडकणंच शिकत होता. म्हणून थोडा प्रयत्न, मग विचारा किंवा मोबाईलवर शोधा, आणि सापडल्यावर लगेच दोन-तीन वाक्यांत मोठ्यानं वापरा. नुसतं "हां हां तेच" म्हणून सोडलं तर आवाजाचा धागा तेवढाच कच्चा राहतो.

आता तुमची खरी धास्ती. सॉल्टहाउस आणि मँडेल ह्यांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांचं शब्द अडकणं आणि त्यांची घडलेल्या गोष्टींची स्मरणशक्ती दोन्ही तपासलं. वयाबरोबर दोन्ही बदलतात, पण वयाचा परिणाम बाजूला काढला की दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध उरत नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात सहसा घडलेल्या गोष्टींच्या स्मरणातून दिसते. सकाळी कोण येऊन गेलं ते पूर्ण पुसलं जातं, तोच प्रश्न तासाभरात परत विचारला जातो, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होतं, पैशाचा हिशोब जमेनासा होतो.

शब्दांच्याच बाबतीत मी क्लिनिकमध्ये तीन गोष्टी बघतो. शब्द सांगितल्यावर माणूस "हो हाच!" म्हणतो की "असेल बुवा". वस्तू हातात दिली तर ती कशासाठी आहे हे कळतं की नाही, अडकित्ता हातात घेऊन त्याचं काय करायचं हेच कळेना, तर तिथे आवाज नाही, अर्थच पुसला जातोय आणि ते गंभीर आहे. आणि कुठले शब्द जातात, अडकित्ता आणि जुन्या सहकाऱ्याचं आडनाव, की पाणी, चमचा, खुर्ची. चित्र दाखवून नाव आलं नाही तर मी आधी अर्थाचा इशारा देतो, मग पहिला अवयव. पहिल्या अवयवावर शब्द सुटला तर तो आत आहे हे कळतं. चुकीचा शब्द बोलला आणि चुकलंय हे लक्षातच आलं नाही, तर मी जास्त काळजीनं पुढे तपासतो. तुम्हाला सांडशी चूक आहे हे पूर्णवेळ माहीत होतं.

तुमच्या वयात पाळी जाण्याच्या काळात पण शब्द अडकल्याची तक्रार बऱ्याच बायका करतात. थायरॉइड, बी १२ आणि झोप हे एकदा तुमच्या डॉक्टरांकडून बघून घ्या, बी १२ विशेषतः, शाकाहारी असाल तर. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगा.

एका प्रसंगात मात्र थांबायचं नाही. साधे शब्द अचानक, काही मिनिटांत जायला लागले, बोलणं अर्थहीन व्हायला लागलं, किंवा तोंड वाकडं, एक हात लुळा झाला, तर तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच जायचं. लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, तिथे पहिलं तेच विचारतात.

ह्यातलं काही नसेल आणि तरी मन खात असेल तर महिनाभर वहीत नोंद करा, कुठला शब्द अडकला, त्याचं काय काय आठवत होतं, चुकीचा कुठला येत होता, कसा सुटला. मग एकदा तपासायला या, वही आणा, आणि सोबत सुनेला आणा, कारण तुमच्या बोलण्यात काही बदल झाला असेल तर तो तुमच्या आधी तिला दिसलेला असतो.